हसताना हिरड्या दिसतात, त्याही उजवीकडे जास्त. लेझर करून घेऊ का?

सायली_मिरज | सोमवार, रात्री १०.५०

वय २७. गेल्या महिन्यात साखरपुडा झाला आणि परवा फोटो हातात आले. घरचे सगळे फोटोंवर खूश. मला मात्र प्रत्येक फोटोत एकच गोष्ट दिसते: दात बारके बारके आणि त्यांच्यावर हिरडीची रुंद गुलाबी पट्टी. उजवीकडचा ओठ डाव्यापेक्षा वर चढतो, त्यामुळे हसणं तिरकं वाटतं. शाळेत मला 'गुलाबो' म्हणायचे, तेव्हा का ते कळायचं नाही.

लग्नाला १४ आठवडे आहेत. इथल्या एका दवाखान्यात जाऊन आले. त्यांनी मला हसायला लावलं आणि पाच मिनिटांत सांगून टाकलं की लेझरने हिरडी कापू, अर्ध्या तासाचं काम आहे, वर आठ दातांना व्हीनियर, म्हणजे समोरून चिकटवायची पातळ कवचं, लावू, लग्नापर्यंत सगळं फर्स्टक्लास. कुठलंही माप घेतलं नाही, एक्स-रे नाही. म्हणून जरा थांबले.

आईचं म्हणणं, 'एवढं कापाकापी कशाला, हसताना ओठ जरा सांभाळ.' ओठ सांभाळणं सरावाने खरंच जमतं का? की लेझर करून मोकळी होऊ?

---

तात्या_कराड | सोमवार, रात्री ११.२०

सायलीताई, माझंही अगदी हेच. गेल्या दोन वर्षांत हिरड्या फुगून दातांवर चढल्यात. तुरटीच्या पाण्याने सकाळ-संध्याकाळ गुळण्या करा आणि त्रिफळा चूर्णाने दात घासा. मी सुरू केलंय, फरक पडेल असं वाटतंय.

---

निनाद_ठाणे | मंगळवार, सकाळी ८.०५

तात्या, तिच्या हिरड्या फुगलेल्या नाहीत हो, हसताना दिसतात एवढंच.

सायली, बिनधास्त लेझर कर. माझ्या बहिणीने केलं. रक्त नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी ऑफिसला. शिवाय लेझरने हिरडी मुळापासून जळते, त्यामुळे ती परत वाढत नाही. चाकूने कापलेली वाढते.

---

दंतकथा | मंगळवार, दुपारी १.१५

मी हिरड्यांचीच डॉक्टर आहे. नाव सांगत नाही, कारण मग लोक फोन करतात. निनाद, लेझरने रक्त कमी येतं हे खरं. पण हिरडी परत वाढणार की नाही हे कशाने कापलं यावर ठरत नाही. तिच्या खाली हाड कुठे आहे यावर ठरतं. त्यावर सविस्तर नंतर लिहिते.

सायली, आधी चार मापं द्या. आरशासमोर बसा, लहान पट्टी घ्या, मिलिमीटरमध्ये लिहा.

तोंड सैल सोडून ओठ किंचित विलग ठेवलेत तर वरचा पटाशीचा दात किती दिसतो? मनापासून हसल्यावर त्याच दाताची टोकापासून हिरडीपर्यंत लांबी किती? त्याच्यावर हिरडी किती दिसते, आणि उजव्या-डाव्या सुळ्यांवर वेगवेगळी किती? नाकाच्या बुडापासून वरच्या ओठाच्या कडेपर्यंत अंतर किती?

आणखी एक. आइस्क्रीमची चपटी काडी आडवी धरून वरच्या-खालच्या दातांत चावा, मान सरळ ठेवा आणि समोरून फोटो काढायला सांगा. काडी डोळ्यांच्या रेषेला समांतर आहे का, बघा. मग दोन्ही हातांनी ओठ वर उचलून, दात दाखवून, दुसरा फोटो. तिरकेपणा दातांत आहे, हिरडीत आहे की ओठात आहे, हे या दोन फोटोंवरून बरंचसं कळतं.

तात्या, तुम्ही बीपीची गोळी घेता का? नाव सांगा.

---

तात्या_कराड | मंगळवार, दुपारी ३.४०

हो, घेतो. अ‍ॅम्लोडिपिन. बीपी आणि हिरड्यांचा काय संबंध?

---

दंतकथा | मंगळवार, दुपारी ४.००

संबंध आहे. काही लोकांच्या हिरड्या या गोळीने वाढतात, विशेषतः दातांवर मळ साचलेला असला की. फिट्सच्या काही गोळ्यांनीही असंच होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना हिरड्या दाखवा, ते बदलून देऊ शकतात. सोबत दात साफ करून घ्या. तुरटीने हे उतरणार नाही.

---

सायली_मिरज | मंगळवार, रात्री ९.३०

भावाला पट्टी धरायला लावली. तो तीनदा हसून कोलमडला.

ओठ सैल असताना दात ३ मिमी दिसतो. हसल्यावर पटाशीचा दात ८ मिमी आणि त्याच्यावर हिरडी ५. उजव्या सुळ्यावर हिरडी साडेसहा, डाव्यावर साडेचार. ओठाची लांबी २१. काडी सरळ आहे. ओठ हाताने उचलल्यावर दोन्ही बाजूंच्या हिरड्या एका रेषेत दिसतात.

---

दंतकथा | मंगळवार, रात्री १०.४५

भावाला माझ्यातर्फे चहा पाजा, मापं नेटकी आली आहेत.

ओठाची लांबी ठीक आहे. बायकांत साधारण २० ते २२ मिमी असते, म्हणजे तुमचा ओठ आखूड नाही. सैल असताना ३ मिमी दात दिसणं तुमच्या वयात अगदी सामान्य. वरचा जबडाच उभ्या दिशेने लांब असता तर इथे सहा-सात मिमी दिसले असते आणि ओठ मिटायला जोर लावावा लागला असता. तेव्हा जबड्याचं ऑपरेशन तूर्त विसरा.

आता दोन गोष्टी. पटाशीच्या दाताची लांबी साधारण १० ते ११ मिमी असते, तुमची ८ दिसते. टोकं झिजलेली नसतील तर दातच बारका आहे किंवा त्याचा वरचा भाग हिरडीखाली लपलाय. दात बाहेर येताना हिरडी हळूहळू वर सरकायची असते. काहींची मध्येच थांबते आणि दाताच्या पांढऱ्या भागावर बसून राहते.

दुसरं म्हणजे ओठ. हसताना ८ अधिक ५, म्हणजे १३ मिमी उघडं पडतं. त्यातले ३ आधीच दिसत होते. म्हणजे ओठ १० मिमी वर गेला. साधारण ६ ते ८ जातो. तुमचा ओठ जास्त उत्साही आहे, आणि उजवीकडे त्याहून जास्त.

तिरकेपणाही ओठाचा आहे, हिरडीचा नाही. हे लक्षात ठेवा, कारण उजवीकडची हिरडी जास्त कापून 'लेव्हल करू' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. उजवीकडचे दात डाव्यापेक्षा लांब दिसतील आणि ओठ आहे तसाच वर जाईल. एका तिरकेपणाचे दोन होतील.

---

प्राजक्ता_वाशी | बुधवार, सकाळी ११.१०

निनाद, तुमच्या बहिणीचं छान झालं. माझं ऐका. लेझर केलं, पहिल्या आठवड्यात काय सुंदर दिसत होतं! पाचव्या महिन्यात हिरडी जवळजवळ होती तिथे परत. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की हाड न बघता नुसती हिरडी छाटली होती. पैसे गेले आणि तेच काम टाके घालून परत करून घेतलं. दुसऱ्या वेळेला तीन वर्षं झाली, हललेलं नाही.

---

दंतकथा | बुधवार, दुपारी २.३०

हेच लिहायचं होतं. हिरडीची कड हाडापासून साधारण ३ मिमी अंतर राखते. तेवढी जागा शरीराला लागते. कापून ते अंतर १ मिमी केलंत तर काही महिन्यांत हिरडी वाढून ते भरून काढते. तोपर्यंत वर व्हीनियर बसवले असतील तर त्यांच्या कडेला हिरडी कायम लाल राहते, ब्रश लावला की रक्त येतं. हे बघून ओळखता येतं.

म्हणून आधी भूल देऊन बारीक मोजपट्टीची सुई हिरडीतून हाडापर्यंत टेकवतात. दोन आकडे मिळतात: हिरडीच्या कडेपासून दाताचा पांढरा भाग कुठे संपतो आणि हाड कुठे सुरू होतं. हाड पुरेसं दूर असेल तर नुसती हिरडी कापून चालतं, लेझरने किंवा ब्लेडने, दोन्ही ठीक. निनादच्या बहिणीचं तसं असणार. हाड जवळ असेल तर हिरडी उघडून ते किंचित घासावं लागतं.

सायली, मिरज-सांगलीत कुठल्याही डेंटल कॉलेजच्या हिरड्यांच्या विभागात हे मोजून घ्या. मुंबईचे लोक वाचत असतील तर सीएसएमटीजवळच्या सेंट जॉर्जेस आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर आहे. रांग लावावी लागते, पण मोजल्याशिवाय कापत नाहीत.

---

रंगपटातला_बंडू | बुधवार, रात्री ११.५५

आता आईच्या मुद्द्यावर कुणी बोललेलं नाही म्हणून मी. हौशी नाटकं करतो. आमच्यातल्या एका मुलीला हाच प्रश्न होता, तिने सराव केला आणि जमलं.

आरशासमोर हळूहळू हसायचं, ओठाची कड हिरडीच्या रेषेला टेकली की थांबायचं. तिथे दहा मोजेपर्यंत धरायचं. ओठ वर ओढायच्या ऐवजी कोपरे बाजूला न्यायचे आणि हसू डोळ्यांत ठेवायचं. जमलं की डोळे मिटून तेच करायचं आणि मग डोळे उघडून आरशात तपासायचं: ओठ तिथेच आहे का? ही पायरी महत्त्वाची, कारण फोटो काढताना समोर आरसा नसतो. रोज पाच मिनिटं, तीन-चार आठवड्यांत ओठाला जागा सापडते. दोन महिन्यांत ओठाची लांबीही वाढते, मसाज करत राहिलं तर.

---

दंतकथा | गुरुवार, सकाळी ९.२०

बंडू, शेवटचं वाक्य सोडून सगळं पटलं. मसाजने ओठ लांब होत नाही. सरावाने तुम्ही एक हसू शिकता, स्नायू तसाच राहतो. फोटोसाठी ते पुरतं. पण कुणी विनोद केला आणि खरं हसू फुटलं, की ते मेंदूतल्या वेगळ्या वाटेने येतं आणि शिकवलेलं सगळं बाजूला राहतं.

---

रंगपटातला_बंडू | गुरुवार, सकाळी ९.५०

मान्य. ती मुलगीही रंगमंचावर जपून हसते आणि विंगेत पोट धरून, सगळ्या हिरड्यांसकट.

---

शरद_अकोला | गुरुवार, दुपारी १२.०५

तिरकं हसू म्हणजे माझा विषय. तीन वर्षांपूर्वी सकाळी उठलो तर डावा गाल लुळा, डोळा मिटेना. बेल्स पाल्सी निघाली. सगळे म्हणाले फुगे फुगवा, च्युइंगगम चघळा. मी दिवसाला वीस फुगे फुगवले. आता हसलो की डावा डोळा आपोआप मिचकतो. ऑफिसात गैरसमज होतात ते वेगळंच. सायलीताईंनी फुगे फुगवून बघावेत का?

---

फिजिओ_मधुरा | गुरुवार, संध्याकाळी ७.३०

नको! आणि शरददादा, तुम्हीही थांबा. नस बरी होताना तिचे धागे चुकीच्या स्नायूला जाऊन जुळतात, म्हणून हसलं की डोळा मिटतो. जोर लावून केलेले व्यायाम ते वाढवतात. तुम्हाला आरशासमोर अगदी छोटं, हळू हसायचं आहे. डोळा मिटायला लागायच्या आधी थांबायचं आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या. चेहऱ्याच्या व्यायामाची माहिती असलेला फिजिओ शोधा, तीन वर्षांनंतरही थोडाफार फरक पडतो.

सायलीचं हे नाही. तिचं हसू लहानपणापासून असंच आहे. अचानक तोंड वाकडं झालं तर तो दातांचा विषयच नाही, लगेच मोठं हॉस्पिटल गाठायचं, लकवा असू शकतो.

---

मनवा_नाशिक | शुक्रवार, सकाळी १०.४०

जबड्याचं ऑपरेशन झालेली मी. माझा ओठ सैल असताना ७ मिमी दात दिसायचे आणि तोंड मिटलं की हनुवटीवर सुरकुत्या पडायच्या. आधी दीड वर्ष तारा, मग पूर्ण भूल देऊन वरचा जबडा ५ मिमी वर सरकवला आणि टायटॅनियमच्या पट्ट्या बसवल्या. तीन आठवडे पेज आणि मिक्सरमधली खिचडी. वरच्या ओठाला चार-पाच महिने बधिरपणा होता. नाक बुडाशी किंचित रुंद झालं, हे आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. परत करीन का? हो. पण ३ मिमीवालीने याच्या वाटेला जाऊ नये.

---

जुई_पिंपरी | शुक्रवार, रात्री ८.१५

बोटॉक्सबद्दल लिहिते, दोनदा घेतलंय. नाकपुडीच्या बाजूला, गालावर एकेक टोचणी. ओठ वर ओढणारा स्नायू ढिला पडतो. पहिल्यांदा एका पार्लरवजा ठिकाणी घेतलं आणि डोस जास्त झाला. दहाव्या दिवशी वरचा ओठ पडद्यासारखा खाली. चहा पिताना ओघळ, 'पपई' म्हणताना हवा सुटायची, शिट्टी तर नाहीच. ओसरायला तीन महिने लागले. दुसऱ्यांदा नीट डॉक्टरांकडे, कमी डोसने. मस्त झालं. पण तीन-चार महिन्यांनी पुन्हा आहे तसं. दर वेळचा खर्च धरा.

---

दंतकथा | शुक्रवार, रात्री १०.००

जुईचा अनुभव खरा आहे, म्हणून नियम सोपा: कमीपासून सुरुवात. प्रत्येक बाजूला साधारण दोन युनिट पुरतात. कमी पडलं तर दोन आठवड्यांनी वाढवता येतं, जास्त झालं तर काढता येत नाही. एका कंपनीचं युनिट दुसऱ्याच्या बरोबरीचं नसतं, तेव्हा कुठलं औषध आहे हेही विचारा. गरोदर असताना किंवा अंगावर पाजताना घेऊ नये.

सायलीसारख्या तिरक्या ओठाला एक फायदा आहे. उजवीकडे थोडं जास्त, डावीकडे कमी देता येतं. हिरडी कापून ते जमत नाही.

---

सायली_मिरज | १२ दिवसांनी, शनिवार

कॉलेजात जाऊन आले. भूल दिली, मग ती सुई. टोचताना दुखलं नाही, पण हाडाला टेकल्यावर 'टक' असं कळतं, ते विचित्र. हिरडीखाली दात २ मिमी लपलाय, म्हणजे खरा दात १० मिमीचा. हिरडीच्या कडेपासून हाड ३ मिमी.

म्हणजे लेझरने २ मिमी कापले असते तर हाडापर्यंत १ मिमी उरली असती. प्राजक्ताताईसारखंच झालं असतं ना?

---

दंतकथा | शनिवार, रात्री ९.१०

हो, तेच. तुमचं हाड दाताच्या पांढऱ्या भागाच्या कडेपासून फक्त १ मिमीवर आहे. ते अडीच मिमीपर्यंत न्यावं लागेल, म्हणजे दीड मिमी हाड घासायचं. मग हिरडी हाडापासून तिचे ३ मिमी धरून बसेल आणि दात साधारण साडेनऊ मिमी दिसेल. हिरडी दिसेल पाचाच्या जागी साडेतीन. व्हीनियर कशाला लागतील? दाताला धक्का न लावता दात लांब होतोय.

अडचण वेळेची. टाके दहा-बारा दिवसांत निघतात, पण हिरडी पक्की बसायला तीन ते सहा महिने लागतात. दातांमधले हिरडीचे कोपरे मध्ये बोथट दिसू शकतात, गार पाण्याने सणकही येते. लग्नाला बारा आठवडे राहिलेत. मी असते तर लग्नानंतर केलं असतं.

---

प्राजक्ता_वाशी | शनिवार, रात्री ९.४५

मी उलट म्हणेन. माझी हिरडी आठव्या आठवड्यात फोटोलायक होती. आत्ता केलं तर निदान दात मोठे दिसतील. लग्नानंतर कोण जातंय टाके घालायला, संसार सुरू झाला की राहतं ते राहतंच.

---

दंतकथा | शनिवार, रात्री १०.०५

तुमची होती, तिची असेलच असं नाही. पण संसाराचा मुद्दा मला खोडता येत नाही.

---

निनाद_ठाणे | रविवार, सकाळी ८.३०

बहिणीला विचारलं. तिचंही आधी सुईने मोजलं होतं म्हणे. मला फक्त लेझर आठवत होतं. 'मुळापासून जळते' हे मी कुठून आणलं ते मला माहीत नाही.

---

सायली_मिरज | सात आठवड्यांनी, मंगळवार

लग्नाला पाच आठवडे राहिले. शस्त्रक्रिया आत्ता नको असं ठरवलं, पुढच्या वर्षी बघू. काल बोटॉक्स घेतलं: उजवीकडे अडीच युनिट, डावीकडे दीड. बंडूदादांचा सराव रोज चालू आहे, डोळे मिटून अजून जमत नाही.

---

सायली_मिरज | दोन आठवड्यांनी, मंगळवार

भावाने परत पट्टी धरली. उजव्या सुळ्यावर हिरडी ३, डाव्यावर अडीच. दात अजून बारकेच आहेत, पण हसू सरळ झालं. शिट्टी वाजत नाही. रविवारी पाणीपुरी खाल्ली तर अर्धं पाणी ड्रेसवर.

---

प्राजक्ता_वाशी | मंगळवार, रात्री ९.००

छान! पण दात बारके राहिले ना. पुढच्या वर्षी आठवण करून देणार.

---

तात्या_कराड | मंगळवार, रात्री ११.३०

गोळी बदलली आणि दात साफ करून घेतले. महिनाभरात हिरड्या बऱ्याच उतरल्या. तुरटी पावशेर आणली होती, कुणाला पाहिजे का?